नवा सायलेन्सर बसवला आणि गाडी पीयूसीत नापास झाली: एका शंभर सीसीच्या नोंदी

गाडी मामांची आहे. शंभर सीसी, चार स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, २०११ सालची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-३ मानकाची. निफाड तालुक्यात रोज घर ते मळा आणि आठवड्यातून दोनदा मार्केट यार्ड एवढीच तिची धाव. अशा गाड्या आपल्याकडे अजून हजारोंनी चालतात आणि पीयूसीत अडकल्या की बहुतेक जण कार्ब्युरेटरचा एक स्क्रू फिरवून मोकळे होतात. हे काम करताना जे जसं घडलं ते तारखेनुसार लिहून ठेवतोय. अशीच गाडी हातात असेल तर कुठून सुरुवात करायची आणि कुठे वेळ घालवायचा नाही, हे यातून कळावं.

११ जानेवारी २०२५, शनिवार

पीयूसीची मुदत संपत आली म्हणून मामा सकाळी पंपाशेजारच्या केंद्रावर गेले आणि नापासाची चिठ्ठी घेऊन आले. अशी चिठ्ठी देण्याची पद्धत २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेपासून सुरू झाली. त्याआधी नुसतं तोंडी सांगायचे. चिठ्ठीवर आकडे असतात, त्यामुळे ती टाकून देऊ नये. दुरुस्तीचं सगळं गणित त्या दोन आकड्यांवरून सुरू होतं.

मामांच्या चिठ्ठीवर सीओ ४.९ टक्के आणि एचसी १७५० पीपीएम आहे. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या चार स्ट्रोक दुचाकीला, म्हणजे या गाडीला, मर्यादा आहे सीओ ३.५ टक्के आणि एचसी ४५०० पीपीएम. बीएस-६ गाड्यांची मर्यादा याहून फार कडक आहे, त्यामुळे नव्या गाडीवाल्यांनी हे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत.

दुचाकीच्या पीयूसीत मोजल्या जातात त्या एवढ्या दोनच गोष्टी, आणि त्याही गाडी उभी, इंजिन गरम, रेस सोडलेली असताना. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलं पेट्रोल. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त गेलं की तो वाढतो. एचसी म्हणजे हायड्रोकार्बन, अजिबात न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. ठिणगी चुकली, झडप नीट बसली नाही किंवा मिश्रण इतकं पातळ झालं की पेटलंच नाही, तर तो वाढतो. म्हणजे दोन आकडे दोन वेगवेगळे आजार सांगतात. आमच्या चिठ्ठीत एचसी मर्यादेच्या बराच आत आहे आणि सीओ बाहेर, म्हणजे पेटतंय बऱ्यापैकी, पण पेट्रोल जास्त जातंय.

नायट्रोजनची ऑक्साइडं या चाचणीत मोजत नाहीत. पेट्रोल गाडीचा डोळ्यांना दिसणारा धूरही नाही. धुराची चाचणी डिझेलची.

मामांचा प्रश्न मात्र वेगळा होता आणि तो रास्त होता. "अरे, जुलैत हीच गाडी पास झाली होती. तेव्हा सायलेन्सर खालून सडलेला होता. दिवाळीत साडेअकराशे घालून नवा बसवला आणि आता नापास? मग नव्या सायलेन्सरमध्येच खोट असणार." केंद्रावरच्या पोरानेही त्यांना तेच सांगितलं होतं. जुलैच्या प्रमाणपत्रावर सीओ २.१ टक्के आहे. मधल्या सहा महिन्यांत सायलेन्सर सोडून काही बदललेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

पेट्रोल जास्त जातंय म्हटल्यावर सगळे आधी एअर फिल्टर बघायला सांगतात. उघडला. कागदी फिल्टर, मळ्यातल्या धुळीने तपकिरी झालेला, खालच्या कोपऱ्यात तेलाचा ओलसर डाग. हा तेल लावलेला कागद असतो, त्याला हवा मारून किंवा धुऊन उपयोग नाही, बदलायचाच. ११० रुपये.

त्या तेलकट डागाकडे मी आज दुर्लक्ष करत नाहीये, लिहून ठेवतोय. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी याच डब्यात येते. डाग थोडा असेल तर ठीक, पण वास घेतला तर पेट्रोलचा आला.

मग चोक. निफाडला जानेवारीत पहाटेची थंडी म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. मामा रोज चोक ओढूनच गाडी चालू करतात. चोकची दांडी खाली केल्यासारखी दिसते, पण बोटाने दाबली तर अजून थोडी खाली जाते. दांडीच्या बुडाशी माती आणि ग्रीस यांचा थर साचला होता. तो खरवडून, पेट्रोलने धुऊन दांडी पूर्ण बसेल असं केलं. अर्धवट लागलेला चोक हे थंडीच्या दिवसांत सीओ वाढायचं अगदी नेहमीचं कारण आहे आणि त्याला खर्च काही नाही. पीयूसीला जायच्या आधी ती दांडी शेवटपर्यंत ढकलून बघावी.

गावातल्या एका मिस्त्रीने निडलची क्लिप एक खाच वर घ्यायला सांगितली होती, म्हणजे निडल खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. ते केलं नाही. निडल आणि मेन जेट काम करतात रेस दिल्यावर. पीयूसी होते रेस सोडलेली असताना, तेव्हा पेट्रोल येतं पायलट जेटच्या बारीक वाटेने. मेन जेट बदलून, निडल हलवून पीयूसीचा आकडा सहसा हलत नाही, उलट चढावर गाडी दम टाकते.

१८ जानेवारी, शनिवार

एका ओळखीच्या दादांचं पीयूसी केंद्र आहे. दुपारी गर्दी नसते तेव्हा यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर नुसते आकडे बघायची त्यांनी परवानगी दिली. या पडद्यावर सीओ आणि एचसीसोबत कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसतो. प्रमाणपत्रावर दुचाकीचे दोनच आकडे छापून येतात, पण निदानाला खरे कामाचे हे उरलेले दोन.

गाडी आधी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणली. थंड इंजिनवर घेतलेला आकडा काही सांगत नाही. दादांनी यंत्र शून्यावर आणलं आणि प्रोबची, म्हणजे सायलेन्सरमधला वायू यंत्राकडे ओढणाऱ्या नळीची, गळती तपासली. प्रोब सायलेन्सरमध्ये तीस सेंटिमीटर आत जायला हवा, पण दुचाकीच्या सायलेन्सरमध्ये आतले पडदे आडवे येतात. त्यासाठी सायलेन्सरच्या तोंडावर जोडनळी घट्ट बसवून तिच्यात प्रोब घालतात. ही जोडनळी लावायचा कंटाळा केला आणि प्रोब नुसता तोंडाशी अडकवला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडे खोटे कमी येतात.

नवा फिल्टर आणि मोकळा चोक यांच्यासह आकडा: सीओ ४.६, कार्बन डायऑक्साइड १०.४, ऑक्सिजन ०.८ टक्के, एचसी १६४० पीपीएम. म्हणजे आठवडाभराच्या कामाने सीओ ०.३ ने उतरला. फिल्टरकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती. रेस सोडलेली असताना इंजिन इतकी थोडी हवा ओढतं की बराच चोंदलेला फिल्टरही तेवढी हवा देऊ शकतो. फिल्टरचा खरा फरक वेगात आणि चढावर.

आता मामांचा प्रश्न. जुना सडका सायलेन्सर गोठ्यात पडून होता, तो सोबत घेऊन गेलो होतो. खालच्या बाजूला बोट जाईल एवढं भोक आणि बेंडच्या जोडाशी दोन चिरा. नवा काढून तोच बसवला, इंजिनला हातही लावला नाही, आणि पुन्हा मोजलं. सीओ २.३! कार्बन डायऑक्साइड ५.२, ऑक्सिजन १०.८, एचसी ८२०.

मामा बाजूलाच होते. त्यांना पडद्यावरचा ऑक्सिजन दाखवला. चांगल्या पेटणाऱ्या, पेट्रोल जास्त जाणाऱ्या इंजिनातून ऑक्सिजन जवळजवळ शिल्लक राहत नाही. मग हा १०.८ टक्के आला कुठून? भोकातून. इंजिन एकसंध धार सोडत नाही, धक्क्याधक्क्याने सोडतं. दोन धक्क्यांच्या मध्ये सायलेन्सरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि भोकातून बाहेरची हवा आत येते. निम्मा वायू इंजिनचा आणि निम्मी शुद्ध हवा, म्हणून ऑक्सिजन सोडून प्रत्येक आकडा निम्म्यावर आला.

हे पडताळायला सोपं गणित आहे. हवा न मिसळलेल्या चार स्ट्रोकच्या वायूत सीओ आणि कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज १५ च्या आसपास असते. नव्या सायलेन्सरवर ४.६ आणि १०.४, बेरीज बरोबर १५. जुन्यावर २.३ आणि ५.२, बेरीज फक्त ७.५. मग खरा सीओ काढायचा तर:

२.३ × १५ ÷ ७.५ = ४.६

म्हणजे गाडी जुलैतही नापासच होती. सडक्या सायलेन्सरने ते झाकलं होतं आणि नव्याने उघडं पाडलं. "म्हणजे साडेअकराशे वाया नाही गेले," मामा म्हणाले. नाही गेले. सायलेन्सर बदलल्यावर लगेच गाडी नापास झाली तर सायलेन्सर परत करायला धावू नये, आधी ही बेरीज करून बघावी.

नवा सायलेन्सर परत चढवताना बेंडचं गॅस्केटही नवं घातलं, २० रुपये. चेपलेलं जुनं गॅस्केट पुन्हा वापरलं तर तिथूनही हीच चोरटी हवा येते.

निघण्याआधी आणखी एक गोष्ट करून बघितली, त्या पेट्रोलच्या वासाच्या फिल्टरसाठी. इंजिन चालू असताना पोटातल्या वाफेची नळी फिल्टरच्या डब्यातून काढली, डब्याचं भोक बोटाने बंद केलं. सीओ हळूहळू ३.८ वर आला. नळी परत लावली, पुन्हा ४.६ कडे चढला. म्हणजे जास्तीच्या पेट्रोलचा बराच भाग कार्ब्युरेटरच्या जेटमधून नाही, तर इंजिनच्या तेलातून वाफ होऊन येतोय. नळी अशी काढून ठेवणं हा उपाय नाही. ती फक्त तपासणीपुरती काढायची.

१९ जानेवारी, रविवार

काम अंगणात, मोकळ्यावर. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून हे काम करू नये. साडेचार टक्के सीओ म्हणजे माणूस मारणारा वायू आहे आणि त्याला वास नसतो.

पहिल्यांदा तेल. काडी पुसून बघितली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. तेल वापरात कमी होतं, आपोआप वाढत नाही. बोटांवर घेतलं तर पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा स्पष्ट वास. पेट्रोल तेलात उतरतंय. ते उतरायचा नेहमीचा मार्ग म्हणजे कार्ब्युरेटर भरून वाहतोय, आणि रात्रभर कॉक चालू राहिला की पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांच्या बाजूने खाली. मामांना विचारलं, "रात्री कॉक बंद करता का?" "चौदा वर्षांत कधी केला नाही," ते म्हणाले.

दुसरी खूण मिक्स्चर स्क्रूची. इथे थोडं थांबून लिहितो, कारण या स्क्रूबद्दल सांगोवांगी फार चालतं. कुठल्या बाजूला फिरवला की पेट्रोल कमी होतं, हे स्क्रू कुठे आहे यावर ठरतं. रेस दिली की कार्ब्युरेटरमध्ये वर उचलली जाते ती स्लाइड. तिच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित हवेची वाट उघडतो, म्हणजे बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो नुसती हवा सोडतो, म्हणजे बाहेर काढला की पेट्रोल कमी होतं. एकाच गॅरेजमध्ये दोन्ही प्रकारच्या गाड्या येतात आणि एकीचा नियम दुसरीला लावला जातो. या गाडीत तो इंजिनकडे आहे.

इंजिन गरम असताना स्क्रू हळूहळू आत नेला. असा स्क्रू पूर्ण आत गेला की पायलटची वाट बंद होते, त्यामुळे निरोगी कार्ब्युरेटरमध्ये इंजिन अडखळून बंद पडायला हवं. इथे ते आरामात चालत राहिलं. म्हणजे पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय, आणि हा स्क्रू कितीही फिरवला तरी सीओ खाली येणार नाही. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, हत्यार फक्त स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू तळाशी टेकला की तिथे जोर लावू नये, त्याचं टोक सुईसारखं असतं आणि चेपलं की कायमचं गेलं.

दुसऱ्या वाटा दोन सापडल्या. स्लो स्पीडचा स्क्रू इतका आवळलेला होता की स्लाइड वर उचलली गेली होती, आणि रेस न देताही निडलच्या वाटेने पेट्रोल येत होतं. थंडीत गाडी बंद पडू नये म्हणून कुणीतरी तो कधीतरी आवळलेला. मीटर लावून बघितलं तर फेरे दोन हजारांच्या जवळ. मॅन्युअलमध्ये १४०० आहेत.

दुसरी वाट फ्लोटची, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची. कार्ब्युरेटरच्या वाटीखाली निचऱ्याचा स्क्रू असतो. त्याच्या तोटीला पारदर्शक नळी लावून ती वर उभी धरली आणि स्क्रू सैल केला. वाटीत पेट्रोल जेवढं आहे तेवढंच नळीत दिसतं. ते वाटीच्या जोडाच्या रेषेखाली असायला हवं. इथे ते रेषेच्या चारेक मिलिमीटर वर होतं आणि, खरी गोष्ट ही, थांबतच नव्हतं. इंजिन बंद, कॉक चालू, आणि नळीतली पातळी केसाकेसाने वर सरकतेय. म्हणजे फ्लोटची सुई पेट्रोल अडवत नाही.

वाटी उघडली. सुईच्या टोकाच्या रबराला गोल खाच पडली होती, इतकी की नख अडकत होतं. वाटीच्या तळाशी तपकिरी गाळ. सुईचा संच १२० रुपये. जिथे सुई बसते ती पितळी बैठक कापसाच्या काडीने पुसून घेतली, तिला पॉलिश पेपर लावू नये. पायलट जेट काढून उजेडाकडे धरला, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं झालं की सीओ कायमचा वाढतो. सगळं बसवून पुन्हा नळी लावली. पातळी रेषेच्या खाली येऊन थांबली आणि चहा होईपर्यंत तिथेच होती.

तेल बदललं, ३८० रुपये. हे टाळलं असतं तर बाकीचं काम वाया गेलं असतं, कारण पेट्रोल मिसळलेलं तेल गरम झालं की तीच वाफ फिल्टरच्या डब्यात येत राहते. शिवाय असल्या पातळ तेलावर इंजिन झिजतं.

२५ जानेवारी, शनिवार

दादांच्या केंद्रावर पुन्हा. आज सीओ २ च्या आसपास येईल या अंदाजाने गेलो होतो. पडद्यावर आलं सीओ ०.३, एचसी ५२००, कार्बन डायऑक्साइड ९.५, ऑक्सिजन ६.५.

सीओ उत्तम, आणि गाडी तरीही नापास. यावेळी दुसऱ्या आकड्यावर.

आधी वाटलं सायलेन्सरमध्ये पुन्हा गळती, कारण ऑक्सिजन वाढलेला दिसतोय. पण गळती असती तर हवा मिसळून एचसीही खाली आला असता. इथे एचसी तिपटीवर गेलाय. ऑक्सिजन जास्त आणि एचसीही जास्त, म्हणजे हवा आणि पेट्रोल दोन्ही आत जातात आणि न पेटताच बाहेर येतात. कान दिला तर ऐकूही येत होतं, आठ-दहा ठोक्यांनंतर एक ठोका पोकळ. रेस सोडली की सायलेन्सरमधून फट् असा आवाज.

मामांना विचारल्यावर उलगडा झाला. बुधवारी मार्केटला जाताना रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्याने "काका, स्क्रू कसून देतो, एव्हरेज वाढेल" म्हणून मिक्स्चर स्क्रू आत फिरवून दिला. गेल्या आठवड्यापर्यंत त्या स्क्रूने काही फरक पडत नव्हता, कारण पेट्रोल दुसरीकडून येत होतं. आता त्या वाटा बंद झाल्यामुळे स्क्रू खरोखर काम करू लागला आणि मिश्रण इतकं पातळ झालं की ठिणगी पडूनही पेटेना.

याच कारणाने स्क्रू कसून पास करायची युक्ती कधी चालते आणि कधी अंगाशी येते. सीओ उतरत जातो तो सरळ, पण एचसी तसा उतरत नाही. मिश्रण जाड असताना तो थोडा जास्त असतो, मग कमी होतो, आणि एका टप्प्यानंतर ठोके चुकू लागले की एकदम उसळतो. स्क्रू आवळताना पडद्यावर दोन्ही आकड्यांकडे बघायला हवं. आणि स्क्रू कसून जेमतेम पास झालेली गाडी थंडीत सिग्नलला बंद पडते, मग मालक स्लो स्पीड वाढवतो, स्लाइड उचलली जाते, आणि पुढच्या वेळी सीओवर नापास. या गाडीचा स्लो स्पीड बहुधा याच मार्गाने दोन हजारांवर गेला होता.

तिथेच स्क्रू परत बाहेर घेतला. सीओ १.९ झाला, एचसी २१०० वर उतरला. पास होण्यासारखं होतं. पण पोकळ ठोका अधूनमधून अजून येत होता, म्हणून आज प्रमाणपत्र घेतलं नाही. मुदत संपलेल्या पीयूसीवर गाडी रस्त्यावर काढायची नव्हती, म्हणून ती दादांच्याच शेडमध्ये ठेवून आलो. मोटार वाहन कायद्यात यासाठी दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

इंजिन रात्रभर थंड झालेलं, म्हणून सकाळी आधी टॅपेट, म्हणजे झडपांची मोकळी फट. हे माप थंड इंजिनवरच घ्यायचं. एक्झॉस्टच्या झडपेत सगळ्यात पातळ पट्टीही शिरेना. कित्येक जण टॅपेटचा आवाज येतो म्हणून ते आवळून घेतात आणि गाडी शांत झाली म्हणून खूश होतात. पण इंजिन तापलं की झडपेचा दांडा वाढतो, मोकळी फट उरली नसेल तर झडप पूर्ण बसत नाही, आणि दाबलेलं मिश्रण पेटण्याआधी तिथून सायलेन्सरमध्ये निसटतं. ते सरळ एचसी म्हणून मोजलं जातं. थोडा टिकटिक आवाज करणारा टॅपेट न वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा बरा. मॅन्युअलमधल्या मापाची पट्टी घालून दोन्ही झडपा लावल्या.

प्लग काढला तर पांढऱ्या भागावर मऊ काळी काजळी, जाड मिश्रणाची जुनी खूण, आणि टोकांमधलं अंतर एक मिलिमीटरच्या पुढे गेलेलं. प्लगवर ०.६ ते ०.७ हवं. अंतर वाढलं की ठिणगीला जास्त दाब लागतो आणि पातळ मिश्रणात ती चुकते. काजळी पुसून चाललं असतं, पण टोकंही गोल झिजली होती. नवा प्लग ९५ रुपये. नव्याचंही अंतर बसवण्याआधी मोजून घेतलं.

मग गाडी फिरवून गरम केली आणि स्क्रू लावला. क्रम असा: मिक्स्चर स्क्रू हळुवार तळाशी टेकवायचा, मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे बाहेर काढायचा. स्लो स्पीड १४०० वर आणायचा. मग मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवून इंजिन सगळ्यात जोरात कुठे चालतं ते शोधायचं. त्याने फेरे वाढले की स्लो स्पीड पुन्हा १४०० वर उतरवायचा, आणि हे परत एकदा करायचं. दोन्ही स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून एकदाच लावून सोडलं की अर्धवट राहतं.

दादांनी यंत्र लावलं. सीओ १.४, एचसी ६४०, कार्बन डायऑक्साइड १३.२, ऑक्सिजन १.१. बेरीज १४.६, म्हणजे हवा मिसळलेली नाही, आकडे खरे आहेत. ठोका एकसारखा.

मग रीतसर चाचणी. नंबर प्लेटचा फोटो, मामांच्या मोबाइलवर ओटीपी, ५० रुपये, आणि क्यूआर कोडवालं प्रमाणपत्र. बीएस-३ असल्याने मुदत सहा महिने. बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षभराची मिळते.

८ फेब्रुवारी, शनिवार

खर्चाची बेरीज: फिल्टर ११०, गॅस्केट २०, फ्लोटची सुई १२०, तेल ३८०, प्लग ९५, प्रमाणपत्र ५०. एकूण ७७५ रुपये. यातलं तेल आणि फिल्टर तसंही बदलायला आलेलं होतं. सीओ खाली आणण्याचं खरं काम १२० रुपयांच्या सुईने केलं.

वेळ सगळ्यात जास्त गेला तो एका कामावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये शनिवारची वाट बघण्यात, कारण यंत्राशिवाय आकडा कळत नाही. पुन्हा करायचं झालं तर क्रम बदलेन: आधी तेलाची काडी, मग स्क्रू आत नेऊन इंजिन बंद पडतंय का ते, मग नळी लावून फ्लोटची पातळी. तिन्ही घरी होतात, यंत्र लागत नाही, आणि सीओवर नापास झालेल्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. एचसीवर नापास झालेली असेल तर उलट्या टोकाने, प्लग आणि टॅपेटपासून. या गाडीत निळा धूर नव्हता म्हणून रिंगा आणि झडपांच्या सीलपर्यंत जावं लागलं नाही. सकाळी चालू करताना निळा धूर येत असेल तर तेल जळतंय, आणि ते स्क्रू किंवा प्लगने सुटणारं काम नाही.

आज आठवड्याने काडी पाहिली. तेलाची पातळी जिथे ठेवली होती तिथेच आहे, पेट्रोलचा वास नाही. चोक सकाळी अजूनही लागतो, पण मामा तो आता शेवटपर्यंत खाली ढकलतात. कॉकवर मी पांढऱ्या रंगाने बंदची खूण केली आहे. जुलैत पुढची चाचणी आहे, तेव्हा पावसाळा सुरू झालेला असेल, म्हणून त्याआधी बेंडचा जोड आणि सायलेन्सरच्या बुडाचं निचऱ्याचं भोक बघायचं आहे. पाणी तिथेच साचतं आणि सडणं तिथूनच सुरू होतं.